धानाच्या वेळापत्रकावर चाललेलं भोजनालय : पाच वर्षांचा वृत्तांत आणि आभार

आमच्या भोजनालयाला या ऑक्टोबरात पाच वर्षं पूर्ण झाली. ही छोटी स्मरणिका काढण्याची कल्पना आमची नव्हे, रोज जेवायला येणाऱ्या मंडळींची. छपाईचा अर्धा खर्चही त्यांनीच वर्गणी काढून उचलला. मागच्या बाकावर बसणाऱ्या गुरुजींनी आग्रह धरला की इतिहास पाच वर्षांपासून सुरू करू नका, चहाच्या टपरीपासून सुरू करा. ते बरोबरच होतं. भोजनालयाची पाटी २०२० साली लागली, पण त्याच जागेवरची चूल त्याच्या कितीतरी आधीपासून पेटत होती. काम करणाऱ्या सर्वांची नावं शेवटच्या पानावर एकत्र दिली आहेत. मजकुरात कुणा एकाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण इथलं कोणतंही काम कुणा एकाचं नाही.

१९७० ते १९८० : उद्यान झालं, पाहुणा आला

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला, असं सांगतात. सात बहिणींच्या डोंगरांमधलं पाणी अडवून झालेल्या या तलावावर धान पिकलं, ढिवरांची घरं जगली आणि गाव उभं राहिलं. बाहेरचा माणूस मात्र कामाशिवाय इकडे फारसा फिरकत नसे. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि चित्र बदलू लागलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांच्या लेखनातून हा तलाव, इथले पक्षी आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारखे जंगलाचे जाणकार मराठी वाचकांच्या घरात पोचले. पुण्यामुंबईची माणसं हातात पुस्तक घेऊन एसटीतून उतरू लागली.

त्या काळात आमच्या आजीने रस्त्याच्या कडेला चहा आणि भजी सुरू केली. जेवण मिळत नसे. कुणी फारच उपाशी असेल तर ती घरचा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढायची आणि त्याचे पैसे घ्यायला संकोचायची. पाहुण्याला पैसे घेऊन जेवू घालणं हे त्या पिढीला पटतच नव्हतं.

१९८० ते २००० : टपरीची वीस वर्षं

या दोन दशकांत सांगण्यासारखं फार घडलं नाही. टपरीवर पत्रे आले, बाकडी आली. १९९० नंतरच्या दशकात गोंदियाकडची छोटी लाईन जाऊन मोठी रेल्वे आली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कार्यालयीन कामाची माणसं, सर्वेक्षणाची पथकं, बदलीवर आलेले कर्मचारी यांची ये-जा वाढली. आजीचं काम आईकडे आलं. आईने भज्यांच्या जोडीला सकाळचा आलूपोहा आणि बाजाराच्या दिवशी मर्यादित जेवण सुरू केलं.

२००० ते २०२० : माणसं बाहेर गेली

ही दोन दशकं आमच्या भागातल्या तरुणांनी बाहेर काढली. खरिपाचं धान निघालं की हाताला काम उरत नाही, म्हणून पोरं नागपूर, पुणे, हैदराबादच्या हॉटेलांत जायची. कुणी भांडी घासण्यापासून सुरुवात करून तंदूरवर पोचला, कुणी वाढपी झाला, कुणी मालाचा हिशेब शिकला. आमचे चारही संस्थापक त्यांतलेच.

इकडे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. जिप्सी, गाईड, फाटकावरची नोंदणी अशी नवी व्यवस्था उभी राहिली. सकाळची सफारी आटोपून भुकेला पाहुणा बाहेर पडायचा आणि त्याला नीट जेवायला घालणारी जागा गावात फार कमी होती. हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण दिसणं आणि चूल मांडणं यांत अंतर असतं. ते अंतर टाळेबंदीने मिटवलं. मार्च २०२० मध्ये शहरांतली हॉटेलं बंद झाली आणि चौघेही गावी परतले.

२०२० ते आज : भोजनालय

राज्यात हॉटेलांना निम्म्या क्षमतेने सुरू करण्याची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली. त्याच महिन्यात टपरीच्या मागच्या पडवीत आम्ही जेवण सुरू केलं. जागा आईची, भांडी लग्नाच्या मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेली, आणि भांडवल म्हणजे चौघांच्या शहरातल्या कमाईतून उरलेलं. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घेतली आणि एकोणीस किलोचं व्यावसायिक सिलिंडर लावलं. भात मात्र लाकडावरच ठेवला. त्याचं कारण पुढे येईल.

सहा महिने होतात न होतात तोच एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले आणि फक्त पार्सल उरलं. पर्यटक नाही, बाजार नाही. त्या वेळी रोजच्या जेवणाऱ्यांनी जे केलं त्यामुळेच ही स्मरणिका निघते आहे. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, मुक्कामी एसटीचे चालक-वाहक आणि वनरक्षक यांच्यापैकी बहुतेकांनी पुढच्या महिन्याच्या जेवणाचे पैसे आधीच आणून दिले. काहींनी डबा खाल्ला नाही तरी खाडा धरू नका, असं सांगितलं. त्या पैशावर आम्ही तांदूळ भरला आणि ज्या घरांत सगळेच आजारी होते त्यांच्या दारात डबे ठेवले. डबा नेणारी मुलं, चूल सांभाळणाऱ्या मावश्या आणि पैसे आधी देणारी मंडळी, या तिघांपैकी एक जरी कमी असता तर ते दोन महिने निघाले नसते.

*रोजचा माणूस आणि सकाळी नऊचा निरोप*

पर्यटकामुळे चार पैसे जास्त मिळतात हे खरं. पण उद्यान पावसाळ्यात बंद असतं, आणि तेव्हा पर्यटक जवळजवळ येतच नाही. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने भोजनालय जगतं ते महिनेवारी जेवणाऱ्यांवर. त्यांचं देणं फक्त पैशाचं नाही. त्यांच्यामुळे किती शिजवायचं ते सकाळीच कळतं, आणि छोट्या भोजनालयाचा जीव त्या एका आकड्यात असतो.

आमच्याकडे साधारण एक किलो तांदळात सहा माणसं जेवतात. शेतावरून आलेला माणूस जास्त भात घेतो, कार्यालयातला कमी, सरासरी तेवढीच पडते. सकाळी नऊपर्यंत तीस जणांचा निरोप आला की पाच किलो तांदूळ निवडायला घेतो आणि वाटेवरच्या पाहुण्यांसाठी किलोभर जादा धरतो. निरोपच नसेल तर अंदाजाने आठ किलो घालावे लागतात. दुपारी तीनला दोन किलो तांदळाचा भात गंजात उरला, तर त्या दिवसाची बाकी सगळी बचत त्यात गेली. शिजवलेला भात उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ठेवणं धोक्याचं. दुपारचा भात रात्री गरम करून वाढायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला आहे. उरलेला भात कामावरची माणसं लगेच घरी नेतात, त्यानंतरचा गुरांना जातो. म्हणून नऊच्या आत "आज जेवायला नाही" एवढं सांगणारा माणूसही आमचा उपकारकर्ताच आहे. असं सांगणारी माणसं आमच्या वाट्याला भरपूर आली.

हिशेबाची चोपडी भिंतीला दोरीने टांगलेली असते. प्रत्येकाच्या नावाचं पान आणि रोजच्या जेवणाची खूण. खूण जेवणाऱ्यानेच करायची. पाच वर्षांत या चोपडीवरून वाद झाला नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पगार लांबले की पान लांबतं, धानाचा चुकारा उशिरा आला की शेतकऱ्याचं पान लांबतं. आम्ही थांबतो, कारण आमच्या किराणा दुकानदाराने आम्हाला सांभाळून घेतलं. त्यांचेही आभार.

*भात*

या भागात जेवण चांगलं की वाईट हे भातावर ठरतं. आम्ही एचएमटी वापरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, दरवर्षी जपून हे वाण तयार केलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. ताट पुढे आलं की हे नाव आठवावं, एवढंच.

तांदूळ एक वर्ष मुरलेला घेतो. दिवाळीनंतर नवा तांदूळ स्वस्त मिळतो आणि त्याचा वासही चांगला असतो, पण तो पाणी कमी पितो आणि गिचका होतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही नवा तांदूळ जुन्याच मापाने शिजवला आणि जेवणाऱ्यांनी ताटातला गोळा दाखवला. तेव्हापासून भात शिजवणाऱ्या मावशी पोतं उघडल्यावर आधी मूठभर तांदूळ वाटीत शिजवून पाहतात. दाणा लांब होऊन मोकळा राहिला तर जुना, बोटाला चिकटला तर नवा मिसळलेला. मग ते पोतं परत जातं.

मोठ्या प्रमाणातला भात पेज काढूनच करतो. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवायचा. गंजात तांदळाच्या पाच-सहा पट पाणी उकळत ठेवायचं आणि खळखळ उकळी आल्यावरच तांदूळ सोडायचा. मावशी झाऱ्यावर चार दाणे घेऊन बोटाने चिरडतात. मधोमध बारीक पांढरी कणी दिसली की लगेच उतरवून पेज निथळायची. कणी पूर्ण जाईपर्यंत थांबलं तर उशीर झाला, कारण निथळल्यानंतर भात वाफेवर आणखी शिजतो. मग गंजावर ओला फडका आणि झाकण ठेवून निखाऱ्यावर अर्धा तास. हा शेवटचा टप्पा गॅसवर जमत नाही. ज्योत कितीही बारीक केली तरी तळाला एकाच जागी आच लागते. निखारा सगळीकडून मंद धग देतो, म्हणून लाकडाची चूल राहिली. पेज कामावरची माणसं मीठ घालून पितात, बाकीची शेजारच्या गोठ्यात जाते.

हे हात मावशींचे आहेत. शहरातल्या हॉटेलांत शिकून आलेल्यांनी भात त्यांच्याकडून नव्याने शिकला.

*मासळी*

पाहुणे तलावाची मासळी मागतात. ती पुरवणाऱ्या ढिवर बांधवांचे आणि पहाटे उठून मासळी निवडणाऱ्या आमच्या माणसाचे आभार वेगळे मानायला हवेत. रोहू-कतला घेताना कल्ला उचलून पाहायचा. आतून लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. अंगावर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिला तर मासळी घ्यायची नाही, भाव कितीही उतरला तरी. मरळ हवेतही श्वास घेऊ शकते, त्यामुळे ती पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते आणि बादलीतूनच येते. तिच्या अंगावरचा चिकटा राख चोळून काढतात, नाहीतर रश्शाला वास राहतो. रस्सा आम्ही घरचाच करतो. लसूण, वाळकी मिरची आणि धणे पाट्यावर वाटलेले, चिंचेचं पाणी, जवसाचं तेल आणि शेवटी सांबार. नारळ घालत नाही.

मात्र ही मासळी वर्षभर मिळत नाही. पावसाच्या सुरुवातीला मासा अंडी घालतो, तेव्हा तलावातली मासळी आम्ही मागत नाही. श्रावणात जेवणारेही खात नाहीत. त्या काळात बाहेरून बर्फातली मासळी आणून तलावाची म्हणून वाढणं सोपं होतं. आम्ही फळ्यावर "मासळी नाही" असं लिहितो आणि पावसात निघणारे वास्ते, सात्या आणि रानभाज्या करतो. लांबून आलेला पाहुणा नाराज होतो. रोजच्या मंडळींनीच अशा वेळी शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्याला ही गोष्ट समजावून सांगितली, आणि पुष्कळ पाहुणे थंडीत पुन्हा आले.

*शेत आधी*

भोजनालय सुरू केलं तेव्हा वाटलं होतं की आमचं वर्ष उद्यानाच्या फाटकाबरोबर चालेल. तसं झालं नाही. फाटक उघडतं ऑक्टोबरात, आणि नेमकं त्याच वेळी हलकं धान कापायला येतं. नोव्हेंबरात भारी धान. म्हणजे पाहुणा सर्वांत जास्त असतो तेव्हाच आमच्या कामावरच्या प्रत्येकाचं शेत त्याला बोलावत असतं. जुलै-ऑगस्टात रोवणी. मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हा बाया पहाटे जंगलात जाऊन दुपारी घरी पुडके बांधत बसतात. त्यातून मिळणारा रोख पैसा त्यांच्या घराला हवाच असतो.

शहरातल्या हॉटेलात सुट्टी मागणाऱ्याला काढून दुसरा ठेवतात. इथे दुसराही शेतावरच असतो. यावरून पहिल्या वर्षी थोडं बोलणं झालं, ते सर्वांनी मिळून तिथेच मिटवलं. दुसऱ्या वर्षापासून जी पद्धत बसली ती अशी. दसऱ्याआधी सगळे एकत्र बसतात. कोणाचं धान हलकं, कोणाचं भारी, कोणाच्या बांधीत पाणी उशिरा सुटणार, हे विचारून कापणीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. एका वेळी दोघांपेक्षा जास्त जण शेतावर जायचे नाहीत, आणि उरलेल्यांनी त्यांचं काम वाटून घ्यायचं. पावसाने तारखा हलल्या तर अदलाबदल आपसांत करायची, मालकाला विचारायची गरज नाही. त्या पंधरवड्यात जेवणातले पदार्थ कमी करतो. भात, वरण, एक भाजी, चटणी, आणि मिळाली तर मासळी. रोवणीच्या दिवसांत संध्याकाळचं जेवण आठच्या आत संपवतो, म्हणजे दिवसभर चिखलात वाकलेल्या बायांना रात्री भांड्यांशी उभं राहावं लागत नाही.

हे जमलं ते जेवणाऱ्यांमुळे. कापणीच्या दिवसांत वाढायला माणूस नसतो, तेव्हा शिक्षक मंडळी स्वतः ताट घेऊन चुलीपाशी येतात. जिप्सीचालक आपल्या पाहुण्यांना आधीच सांगतात की आज पदार्थ मोजकेच मिळतील, पण गरम मिळतील. एका वर्षी अवकाळी पाऊस आला आणि कापलेलं धान बांधीत भिजू लागलं. त्या दुपारी भोजनालय बंद ठेवलं आणि कामावरचे सगळे, त्यांच्याबरोबर काही नेहमीचे जेवणारेही, कडपा उचलायला गेले. पाटीवर कारण लिहिलं होतं. कुणी तक्रार केली नाही.

दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस येतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, आणि मग आसपासच्या गावांतले प्रेक्षक चहाला थांबतात. वडशाहून येणाऱ्या कलावंतांची जेवणंही अधूनमधून आमच्याकडे असतात. धान खरेदी केंद्रावर पोती घेऊन ताटकळणारा शेतकरी असो की दवाखान्यातल्या रुग्णाजवळ बसलेला नातेवाईक, दोघांनाही अवेळी भात लागतो. त्यासाठी रात्रपाळीला थांबणाऱ्या मुलांनी कधी घड्याळ दाखवलं नाही.

*आज*

आज पडवीचं रूपांतर पक्क्या खोलीत झालं आहे. भाड्याची भांडी परत करून स्वतःची घेतली. पिण्याच्या पाण्याची नवी टाकी बसवली, बायांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधलं. हे दुसरं काम आधी व्हायला हवं होतं, असं मावशींनी स्पष्ट सांगितलं आणि त्यांचं म्हणणं योग्य होतं. कामावरच्यांना वर्षअखेर नफ्यातला वाटा देण्याची पद्धत सुरू झाली आहे. तो वाटा छोटा आहे, पण हिशेब सर्वांसमोर होतो.

आजी आता नाही. आई रोज सकाळी येऊन चहा स्वतः करते. पहिल्या दिवसापासून जेवणाऱ्यांपैकी काहींच्या बदल्या झाल्या. गोंदियाला किंवा भंडाऱ्याला असलेली मंडळी या रस्त्याने जाताना थांबतात आणि चोपडीत आपलं जुनं पान शोधतात. ती पानं आम्ही फाडलेली नाहीत.

या पाच वर्षांत ज्यांनी भात शिजवला, मासळी निवडली, भांडी घासली, डबे पोचवले, लाकूड फोडलं, आणि ज्यांनी वेळेवर निरोप दिला, आगाऊ पैसे दिले, कमी पदार्थांवर समाधान मानलं, त्या सर्वांचे आम्ही मनापासून आभार मानतो.

येत्या हंगामासाठी एकच विनंती. कापणीच्या तारखा या वर्षीही भिंतीवर लावल्या आहेत, त्या पाहून घ्याव्यात. त्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांची संख्या जिप्सीचालक आणि गाईड मंडळींनी आदल्या रात्री कळवावी. महिनेवारी जेवणाऱ्यांनी निरोप नेहमीप्रमाणे सकाळी नऊपर्यंत द्यावा.